आतील भरण: नाही

माझ्या दुकानाच्या पाटीवर ‘झेरॉक्स, लॅमिनेशन, सर्व प्रकारचे ऑनलाइन अर्ज’ एवढंच लिहिलंय. त्यात उशीची खोळ कुठेही नाही. तरी गेलं वर्षभर आचरा तिठ्यावरचा कोणीही माणूस मला दिसला की आधी विचारतो, “दत्ताराम, खोळी बऱ्या ना?” सातबारा काढायला आलेला माणूसही जाताना खोळींची चौकशी करून जातो. हे सगळं हौसाकाकीमुळे झालं. माझ्या डोक्याला एवढा ताप आजवर कुठल्याही सरकारी संकेतस्थळाने दिलेला नाही, आणि तशी माणसं सापडत नाहीत हेही मला आता मान्य करावं लागतं.

काकीची ओळख करून द्यायची तर तिच्या शिवणकामापासून सुरुवात करून चालणार नाही. रिकाम्या भांड्यापासून करावी लागते. शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही रीत आमच्याकडे घरोघरी आहे. वाटीतून माशाचं कालवण आलं तर धुतलेल्या वाटीत कोकमाची चार सोलं, मूठभर पोहे, निदान साखर घालून ती परत जाते. पण बाकीचे लोक ही रीत वाटीपुरती पाळतात. काकीला मर्यादा ठाऊक नाही. जे पोकळ आहे आणि घराबाहेर जातंय, त्यात काहीतरी घालायचं, असा तिचा साधा हिशेब.

गॅसचा रिकामा सिलिंडर परत जाताना त्याच्या कड्याला सुतळीने नारळ बांधलेला असतो. दाखल्यासाठी मी तिला प्लास्टिकचं पाकीट दिलं, ते दोन दिवसांनी कालवणात घालायची तिरफळं भरून परत आलं. कणकवलीला एका लॅबमध्ये तपासणीला गेली तेव्हा त्यांनी चुकून दोन डब्या दिल्या. एक तिने सांगितल्याप्रमाणे वापरली. दुसरी धुऊन पुसून, आत घरचा मालवणी मसाला दाबून भरून, दोन्ही डब्या शेजारी शेजारी टेबलावर ठेवल्या. तिथल्या मुलीने कुठलं झाकण आधी उघडलं ते मला माहीत नाही. पण रिपोर्ट घ्यायला मी गेलो तेव्हा ती माझ्याकडे बघून आतल्या खोलीत निघून गेली.

“काकी, असं करतात का?” मी विचारलं होतं.

“घरातसून रिकामा भांडा भायर गेला की घर रिकामा दिसता,” ती म्हणाली. “एकदा गेला हुता माझ्या हातसून. परत नाय.”

ती गोष्ट मला आईकडून ठाऊक होती. काकीचा नवरा बोटीवर खलाशी. एका पावसाळ्यात त्याची मनीऑर्डरही येईना आणि पत्रही येईना. शेजारच्या राधाबाईची वाटी घरात पडून होती, आणि तिच्यात घालायला घरात खरोखर काही नव्हतं. काकीने ती धुऊन रिकामी नेऊन दिली आणि परत आल्यावर दार लावून घेतलं. नवरा पुढे सुखरूप आला, घर झालं, माड लागले, मुलगा पनवेलला नोकरीला लागला. पण ती वाटी काही काकीच्या डोक्यातून गेली नाही.

तर ही काकी खोळी शिवते. घरातल्या वाकळी शिवून शिवून तिचा हात असा बसलाय की टाका बघत राहावा. जाड पांढरट सुती कापड, त्यावर लाल आणि निळे तुकडे, आणि त्यांवरून वाकळीचा धावता टाका. शेजारच्या घरगुती लॉजमध्ये उतरलेल्या पर्यटक बायकांनी ओटीवरच्या खोळी बघितल्या आणि चार काढून नेल्या. जाताना सांगून गेल्या, “ऑनलाइन टाका ना आजी, कुठच्या कुठे जातील.”

झालं, दुसऱ्या दिवशी काकी माझ्या दुकानात हजर. “दत्तू, माका ऑनलाइन घाल.”

‘घरसाज’ नावाचं एक ॲप आहे. त्यावर मी तिचं पान उघडलं. नावाच्या चौकटीत ‘हौसाबाई, आचरा’ असं टाकून स्क्रीन तिच्याकडे वळवली. काकी चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली.

“ह्या माझाच नाव?”

“मग कोणाचं?”

“घर घोवाच्या नावार. लायटीचा बिल अजून सासऱ्याच्या नावार येता. रेशनकार्डार झील पयलो.” नवरा, सासरा, मुलगा अशी बोटं मोजून झाल्यावर ती स्क्रीनला बोट लावायला गेली आणि काच खराब होईल म्हणून हात मागे घेतला. “माझ्या नावार ह्या पयलाच काय तरी.”

मला तेव्हा काही वाटलं नाही, कारण माझ्यासमोर भरायच्या चौकटी होत्या आणि चौकट रिकामी दिसली की मलाही काकीसारखंच होतं.

पहिली चौकट मापाची. काकी म्हणाली, “दोन विती.” मी म्हटलं, ॲपला तुझी वीत माहीत नाही. टेप काढून मोजलं. खोळ सपाट पसरून शिवणीपासून शिवणीपर्यंत सोळा बाय सोळा इंच, एखादी अर्धा इंच इकडे तिकडे. ते तसं लिहिलं, आणि खाली टीप घातली की उशी टम्म दिसायला हवी असेल तर आत अठरा इंची घालावी. काकीला हे पटलं नाही. “ल्हान खोळीत मोठी उशी? माणसाक श्वास घेवक होयो, तसो उशीक नको?” पण मी ऐकलं नाही.

दुसरी चौकट चेनची. काकी नायलॉनची चेन लावते. आमच्या खाऱ्या वाऱ्यात धातूची चेन दोन पावसाळेही धड चालत नाही, गंज धरते आणि कापडाला डाग देते. तीही लपती चेन: दात आतल्या बाजूला, बाहेरून नुसती शिवण दिसते आणि टोकाला इवलासा रनर.

“पण लपती कित्याक लिवतंस?” काकी म्हणाली. “तिना काय चोरी केल्यान?”

“प्रकारच तो आहे.”

“मग लिव, लपता पण लाजत नाय.”

मी फक्त ‘लपती नायलॉन चेन, खालच्या कडेला’ एवढंच लिहिलं. कापड: शंभर टक्के सुती. मग आला रंग. रंग पक्का आहे का, धुण्यात आणि घासण्यात? मी म्हटलं, उगाच हो लिहायचं नाही, बघून लिहायचं. काकीने माझ्या खिशातून माझाच पांढरा रुमाल ओढला, ओला केला, आणि लाल तुकड्यावर असा घासला की टेबल हलायला लागलं. मग निळ्यावर. रुमालाला रंगाचा मागमूस नाही. उलट रुमालाचा मळ खोळीला लागला. पुढे तोच रुमाल आणि तीच खोळ एका बादलीत साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवली. सकाळी पाणी स्वच्छ आणि माझा रुमाल लग्नानंतर पहिल्यांदाच पांढरा. तेव्हा कुठे मी ‘रंग पक्का’ लिहिलं.

शेवटची चौकट होती: ‘आतील भरण समाविष्ट आहे का?’ तिथे दोनच पर्याय, हो किंवा नाही.

“म्हणजे आत उशी घालून पाठवणार का,” मी समजावलं. “आपण नुसती खोळ विकतो. तेव्हा, नाही.”

काकीने समोरची खोळ उघडून आत बघितलं. “म्हणजे रिकामी पाठवूची?”

“रिकामी.”

“बरा,” ती म्हणाली. काकीचं एका शब्दातलं ‘बरा’ म्हणजे काय असतं हे मला कळायला हवं होतं. पण दुकानात उत्पन्नाच्या दाखल्याची रांग लागली होती.

पहिल्या ऑर्डरी भराभर गेल्या. काकी घरीच खोळ घडी घालून, पाकिटात घालून, चिकटपट्टी मारून आणायची आणि मी वर पत्ता चिकटवून कुरिअरच्या गुरुदासच्या हवाली करायचो. पाकिटं फुगीर आहेत हे मला दिसत होतं. मला वाटलं जाड कापड आहे.

मग पुण्याहून पहिली खोळ परत फिरली. कारण: ‘वर्णनाप्रमाणे वस्तू नाही.’ खाली त्या बाईंनी लिहिलं होतं, “रंग पक्का असल्याचा दावा खोटा. खोळीला आतून लाल रंग सुटतो. वास आंबट.” सोबत फोटो. पांढऱ्या कापडावर गुलाबी-लाल डाग, एखाद्या देशाच्या नकाशासारखे पसरलेले.

माझं तर डोकंच फिरलं. रुमालाची परीक्षा मी स्वतः घेतली होती. काकीला बोलावलं, फोटो दाखवला. तिने तो नीट बघितला आणि सुटल्यासारखा श्वास सोडला.

“ह्यो रंग माझ्या कपड्याचो न्हय. सोलांचो.”

“सोलं कुठून आली?”

“पिशी फुटली असतली.”

“काकी, खोळीत सोलं का घातलीस?”

“मग काय रिकामी पाठवू? मेल्या, इतक्या लांब जातली, माझ्या नावार जातली, आणि रिकामी?”

मी हात जोडले. तिने ते पुढे कधी होणार नाही असं सांगितलं, म्हणजे ओलं आणि आंबट काही घालणार नाही असं. माझ्या कानांनी त्यातलं ‘घालणार नाही’ एवढंच उचललं.

दुसरी तक्रार ठाण्याच्या एका गृहस्थांची. हा माणूस कधी भेटला तर मला त्याचे पाय धरायचे आहेत. कारण पुन्हा तेच, ‘वर्णनाप्रमाणे वस्तू नाही’. खाली सविस्तर: “भरण समाविष्ट नाही असे लिहिले असताना खोळीत भरण आढळले. त्याबद्दल तक्रार नाही. मात्र भरण अपुरे आहे. पाव किलो काजूगरांत सोळा इंची उशी भरत नाही. बसल्यावर टोचते.”

म्हणजे तो माणूस त्याच्यावर बसला होता. काजू बघून त्याला खाण्याचं सुचलं नाही.

त्याच्या मागोमाग घरसाजचा निरोप आला. आपल्या वस्तूत नमूद नसलेले भरण आढळले असून, कृपया भरणाचा प्रकार निवडावा. यादी उघडली: पॉलिएस्टर, कापूस, फोम, पिसे. काजूगर त्यात नव्हते. शेवटी ‘इतर’ होतं, पण ते दाबलं की भरणाचं धुण्याचं तापमान विचारत होतं. आणि सगळ्यात खाली लाल अक्षरात: ‘वर्णनाप्रमाणे वस्तू नाही’ या कारणाची तिसरी नोंद झाल्यास आपले पान कायमचे बंद करण्यात येईल.

ते वाक्य मी काकीला वाचून दाखवलं. “पान बंद म्हणजे?” तिने विचारलं.

“तुझं नाव जाईल. पुन्हा उघडता यायचं नाही.”

काकी बाकावर बसली. पदराने तोंड पुसलं. मला माझा राग आला, कारण तिच्या चुकीवर ओरडायला मी जी वाक्यं तयार ठेवली होती ती आता काढवेनात. मी घरसाजच्या मदतकेंद्राला फोन लावला. अनिश नावाचा मुलगा होता, बोलायला अगदी मऊ. मी माझी प्रमाण मराठी काढून त्याला रीत समजावून सांगितली. तो म्हणाला, “सर, भावना समजल्या. पण यादीत हो किंवा नाहीच आहे.”

तेवढ्यात काकीने माझ्या हातातून फोन घेतला.

“रे झिला, तुका आवस आसा मा?”

“हो, आहे काकू.”

“तिच्याकडसून शेजारणीची वाटी रिकामी जाता?”

 मग कीबोर्डचा आवाज. काय टाइप करत होता देव जाणे. शेवटी तो म्हणाला, “काकू, वाटी आमच्या कॅटेगरीत नाही.”

त्या दिवसापासून मी सूत्रं हातात घेतली. आता खोळ माझ्या दुकानात यायची, मी ती उलटी करून झटकायचो, चारही कोपऱ्यांत बोटं घालून बघायचो, चेन लावायचो, पाकीट बंद करायचो. विमानतळावर तपासतात तसं. काकी समोर बाकावर बसायची. पहिली खोळ तासगावला कोणा सारिकाताईंकडे जायची होती. मी चिकटपट्टी मारली तेव्हा काकीने दुसरीकडे तोंड फिरवलं.

“एक काजूगर तरी?” ती हळूच म्हणाली.

“नाही.”

“एक पान? ओवळाचा फूल? वजन नसता तेका.”

“काकी, तुला तुझं नाव हवंय की नको?”

 गुरुदास पाकीट घेऊन गेला. ते इतकं सपाट होतं की तो दारातून परत आला आणि “आत घातलंस ना रे खोळ?” म्हणून विचारून गेला.

नियमाने वागल्याचं समाधान वगैरे मला मिळायला हवं होतं. मिळालं नाही. काकीने दुकानात येणं बंद केलं. तिच्या घरावरून जाताना मशीनचा आवाज येईना. मी विचारायला गेलो तर ती ओटीवर बसून दोरा ओवलेली सुई पुन्हा पुन्हा तशीच सुयांच्या गादीत खोचत होती. म्हणाली, “हात चलत नाय.” मी बाहेर पडलो तेव्हा तिने माझा मागे राहिलेला स्टीलचा डबा हातात दिला, आणि तो रिकामा तर नाही ना हे उघडून बघेपर्यंत मला चैन पडलं नाही. आत बेसनाचा लाडू होता. तेवढ्या धीरावर मी घरी जाऊन नीट जेवलो.

आणि मग तासगावहून परतीची नोंद आली. कारण: ‘वर्णनाप्रमाणे वस्तू नाही.’

मी खुर्चीतच बसून राहिलो. माप बरोबर, चेन लपती, कापड सुती, रंग पक्का, आतील भरण नाही म्हणजे नाही. या देशात त्या दिवशी वर्णनाशी इतकी जुळणारी दुसरी खोळ गेली नसेल. मी खालची ओळ उघडली. सारिकाताईंनी लिहिलं होतं:

“आधीच्या सगळ्यांच्या फोटोंत खोळीतून काही ना काही आलेलं दिसतं. कोणाला सोलं, कोणाला काजू, एकीने तर त्या सोलांचं सरबत करून फोटो टाकलाय. मला रिकामी आली. खोळ फार सुंदर आहे, मला परत करायची नाही. पण इथून आजींना विचारायला दुसरं बटणच नाही. त्यांच्या घरी सगळं बरं आहे ना?”

मी ते दोनदा वाचलं. मग ॲपमध्ये दुसरं बटण शोधलं. खरंच नव्हतं. गिऱ्हाईक आणि विकणारा यांच्यात बोलायचा एकच रस्ता होता, भांडणाचा. बाईने बिचारीने ख्यालीखुशाली विचारण्यासाठी तक्रार केली होती, आणि ॲपने ती इमानेइतबारे तिसरी नोंद म्हणून धरून खोळ परत मागवली होती. ‘परत आलेली वस्तू तपासल्यानंतर पान बंद करण्याची कार्यवाही होईल.’

काकीला सांगायला गेलो. वाटेत शब्द जुळवत होतो, पण तिच्यासमोर गेल्यावर सरळ मोबाइलच वाचून दाखवला. पान बंद होणार हे तिच्या कानात शिरलंच नाही. ती शेवटच्या वाक्यावरच थांबली.

“परत वाच.”

“त्यांच्या घरी सगळं बरं आहे ना?”

“बघलंस?” काकी म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “कळला तिका. रिकामी खोळ बघून तिका वाटला, म्हातारीच्या घरात काय नाय.” आणि ती रडायला लागली. सत्तरीच्या बाईला असं रडताना बघवत नाही. मी तिथे उभा होतो, आणि ती खोळ माझ्या हाताने बंद केलेली होती. मला फार वाईट वाटलं.

परतीचं पाकीट गुरुदास घेऊन आला तेव्हा काकी दुकानातच होती. आपलं नाव बंद होण्याआधी एकदा बघायचं म्हणून आली होती. मी तिच्यासाठी स्क्रीन तिच्याकडे वळवून ठेवली होती, आणि माझं काम खोळंबलं तरी ती परत वळवून घेतली नाही.

गुरुदासने पाकीट टेबलावर टाकलं. धप्प असा आवाज झाला.

“सपाट गेलेला,” तो म्हणाला. “आता बघ.”

मी पाकीट फोडलं. तीच खोळ, तोच लाल-निळा टाका. पण फुगलेली. लपत्या चेनीचा रनर ओढला, आतल्या पिशवीची गाठ सोडली, आणि मूठ भरून बाहेर काढली. बेदाणे. पिवळे, जाड, तासगावचे. पिशवीला आणखी एक पिशवी, तिला आणखी एक, म्हणजे खोळीला डाग पडू नये म्हणून बाईने काळजी घेतलेली.

काकीने खोळ स्वतःकडे ओढली. आत हात घालून नुसती बसली.

“तिना माझी खोळ भरून पाठवल्यान,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “दत्तू, तुझ्या आवशीन तुका अर्धीच सांगल्यान हुती.”

“काय?”

“ती वाटी. मी रिकामी दिलंय ती. सांजच्याक राधाबाय तीच वाटी घेवन परत इली. भरलेली. भात हुतो, वर बांगड्याचा कालवण. दारार ठेवल्यान. एक शब्द इचारल्यान नाय. मी तेवा दार उघडूक पण नाय. माका लाज वाटली.” तिने एक बेदाणा तोंडात टाकला. “राधाबायक मी कधी काय बोललंय नाय. ती गेली. आता ह्या बायक तरी बोलूक होया.”

 पण माझ्या डोक्यात वेगळंच चालू झालं होतं, कारण स्क्रीनवर एक चौकट उघडी होती. विकणाऱ्याने परत आलेल्या वस्तूची तपासणी करावी. ‘परत आलेली वस्तू आपण पाठवलेल्या वस्तूसारखीच आहे का? हो / नाही.’

आयुष्यात पहिल्यांदा मला ‘नाही’ दाबताना आनंद झाला.

पुढे कारण विचारलं. मी लिहिलं: “पाठवली तेव्हा रिकामी होती. परत आली ती भरलेली.” पुरावा म्हणून शेजारच्या दुकानातल्या वजनकाट्यावर खोळ ठेवून फोटो काढला, आणि त्याच्याशेजारी पाठवतानाच्या पाकिटाचं कुरिअरच्या पावतीवरचं वजन. एक मूठ बेदाण्यांचाही काढला, तो गरजेचा नव्हता. दुसऱ्या दिवशी अनिशचा फोन.

“सर, मला फक्त समजून घ्यायचंय. ग्राहकाची तक्रार आहे की वस्तू रिकामी आली.”

“बरोबर.”

“आणि तुमची तक्रार आहे की वस्तू भरलेली आली.”

“अगदी बरोबर.”

“ग्राहकाला पैसे परत नकोत. आम्ही विचारलं. त्यांना खोळ परत हवी आहे.”

“आमच्या काकीलाही ती त्यांनाच द्यायची आहे.”

बराच वेळ कीबोर्डचा आवाज. कोणाला तरी विचारून आला. मग एका दमात वाचल्यासारखं बोलला, की परत आलेली वस्तू पाठवलेल्या वस्तूशी जुळत नसल्याने परतावा अमान्य करण्यात येत आहे, वस्तू ग्राहकास पुन्हा पाठवावी, आणि परतावाच अमान्य असल्याने तिसरी नोंद रद्द समजावी. “पान चालू राहील, सर. पण वर्णनात काहीतरी करा. काहीही करा.”

मी काकीकडे बघितलं. खालच्या मोठ्या चौकटीत आपल्या शब्दांत काय हवं ते लिहायची सोय होती, आणि मी ती इतके दिवस कोरी सोडली होती. काकीने सांगितलं आणि मी तिचंच वाक्य फक्त प्रमाण मराठीत उतरवलं. आज तिच्या पानावर माप आहे, चेन आहे, कापड आहे, रंग पक्का आहे, ‘आतील भरण: नाही’ आहे, आणि त्याखाली लिहिलंय: ‘खोळ रिकामी येणार नाही. आत जे असेल ते खायचं आहे, त्यावर बसू नये.’

तासगावची खोळ काकीने स्वतः भरली. मी झटकली नाही, कोपऱ्यांत बोटं घातली नाहीत. सोलं होती, पण काचेच्या बरणीत, वर चिंध्या गुंडाळून. काजूगर होते. चेन लावता लावता तिने आत वाकून काहीतरी पुटपुटलं. मी विचारलं काय, तर म्हणाली, “राधाबायक सांगायचा हुता ता.”

आता सगळं सुरळीत झालं असं म्हणता येत नाही. कारण तासगावहून परतीची नोंद पुन्हा आली. मग आम्ही पाठवली, मग पुन्हा आली. दर वेळी मी ‘नाही’ दाबतो आणि नोंद रद्द होते. कधी हळद, कधी गुळाची ढेप. तीच ती खोळ. लाल तुकडा थोडा फिकट झालाय, पण तो उन्हाने, धुण्याने नव्हे, हे मी इथे नमूद करतो. गेल्या आठवड्यात अनिशचा फोन आला. थकलेला वाटला.

“सर, ह्या ग्राहकाची नक्की तक्रार काय आहे?”

“काही नाही रे,” मी म्हटलं. “वाटी परत करतायत.”

काकी समोर बाकावर खोळीत पोहे भरत होती.